टोमणा शब्दशः घेतला गेला तर: उपरोध, आवाजाचा सूर आणि समजावून सांगणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ठाण्यात मोठ्या माणसांना बोली मराठी शिकवते. वर्गात बहुतेक मंडळी अमराठी असतात, पण प्रश्न विचारायला त्यांचे मराठी शेजारी आणि ऑफिसातले सहकारीही येतात. व्याकरणापेक्षा जास्त वेळा एकच गोष्ट पुढे येते: कोणीतरी तिरकस बोललं, दुसऱ्याने ते सरळ घेतलं, आणि आता दोघंही अवघडून बसले आहेत. त्यावर मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

उपरोध आणि खोटं बोलणं यात फरक काय? दोन्हीत मनात एक आणि ओठांवर दुसरंच असतं ना?

असतं. पण खोटं बोलणाऱ्याला ते पकडलं जाऊ नये असं वाटत असतं आणि उपरोधाने बोलणाऱ्याला पकडलं जावं असं वाटत असतं. म्हणून तो बोलताना खुणा पेरत जातो. वाशीची गाडी डोळ्यांदेखत सुटते आणि सोबतची मैत्रीण म्हणते, "व्वा, छान झालं." छान काहीच झालेलं नाही हे दोघींना दिसतंय आणि ते दोघींना दिसतंय हेही दोघींना ठाऊक आहे. ही सामायिक माहिती नसेल तर उपरोध उभाच राहत नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे. ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती माहीत नसेल किंवा बोलणाऱ्याची खूण ओळखता येत नसेल, तर त्याच्या हातात फक्त शब्द उरतात आणि तो शब्दांवर विश्वास ठेवतो. त्यात त्याची चूक काहीच नसते.

तिरकस बोलताना आवाजात नेमकं काय बदलतं?

हे वाचून कळण्यापेक्षा ऐकून लवकर कळतं, म्हणून आधी एक करून पाहा. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा. पुतणीला नोकरी लागल्याची बातमी आत्ताच कळली अशी कल्पना करून "छान झालं" म्हणा. मग गाडी सुटल्याची कल्पना करून तेच दोन शब्द म्हणा. आता दोन्ही लागोपाठ ऐका.

बहुतेकांच्या आवाजात पहिला फरक लांबीचा सापडतो. खऱ्या आनंदातलं "छान" आखूड असतं, झटकन येतं आणि पुढच्या शब्दात मिसळून जातं. तिरकस "छाऽऽन" मधला आकार ताणलेला असतो आणि "झालं"च्या आधी किंचित थांबा येतो. काही जण स्वर ताणण्याऐवजी व्यंजनावर जोर देतात, म्हणून "किती"चं "कित्ती" होतं. लिहिताना आपण "व्वा" हे दोन व-कारांनी लिहितो, तो याच जोराचा उच्चार आहे.

दुसरा फरक चढउताराचा. आनंदात आवाज वर उसळतो आणि खाली येतो. तिरकस बोलताना पुष्कळांचा आवाज सपाट होतो, एकाच पट्टीत चालतो, जणू शब्दांत जो उत्साह आहे तो आवाजाने नाकारलाय. याच्या अगदी उलट करणारी माणसंही असतात. ती गरजेपेक्षा जास्त उसळतात, लहान मुलाशी बोलावं तसं "अगं बाई, कित्ती हुशार!" म्हणतात. दिशा उलटी असली तरी दोघांनी केलं एकच: त्या शब्दांना नेहमी जेवढा चढउतार शोभतो, तेवढा दिला नाही.

तिसरी गोष्ट आवाजाच्या बाहेरची आहे, पण कान आणि डोळे एकत्रच काम करतात म्हणून सांगते. खरं कौतुक करणारा माणूस सहसा समोरच्याकडे बघतो. तिरकस बोलणारा पुष्कळदा कागदाकडे, भिंतीकडे किंवा तिसऱ्याच माणसाकडे बघत बोलतो, आणि चेहरा कोरा ठेवतो. फोनवर ही खूण नाहीशी होते, म्हणून घोटाळे फोनवर जास्त होतात.

मग उपरोधाचा एक ठरावीक सूर आहे, तो शिकला की झालं, असं म्हणता येईल?

नाही, आणि ही समजूत काढून टाकणं मला फार गरजेचं वाटतं, कारण शिकणारे नेमके इथेच अडकतात.

अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये उपरोधाच्या वेळी आवाजाची पट्टी खाली उतरलेली आढळली. चीआंग आणि पेल या दोन संशोधकांनी २००९ साली हाँगकाँगकडच्या कँटोनीज भाषेशी तुलना केली, तर तिथे पट्टी वर गेलेली निघाली. म्हणजे एका भाषेत कान तयार झालेला माणूस दुसऱ्या भाषेत चुकीच्या दिशेने खूण शोधत बसू शकतो. त्याआधी २००५ मध्ये ब्रायंट आणि फॉक्स ट्री यांनी तर असा वेगळा 'उपरोधाचा सूर' म्हणून काही आहे का, हाच प्रश्न घेतला होता. तसा एकच एक सूर त्यांना सापडला नाही.

मग आपण ऐकतो काय? आपण फरक ऐकतो. या माणसाचं रोजचं बोलणं कसं असतं, त्यापेक्षा आत्ताचं वाक्य किती सरकलं, हे कान टिपतो. जी व्यक्ती एरवी भरभर बोलते ती हळू झाली की खटकतं. जी एरवीच संथ आणि सपाट बोलते, तिच्या सपाट वाक्यात मात्र काहीच जाणवत नाही. म्हणून तिचे टोमणे घरच्यांना बरोबर कळतात आणि नव्या माणसाच्या डोक्यावरून जातात.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या रुद्रटाने वक्रोक्तीचे, म्हणजे वाकड्या बोलण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेषाचा आणि दुसरा काकूचा. काकू म्हणजे आवाज बदलल्याने शब्दांचा अर्थ पालटणं.

आवाजाखेरीज मराठीत आणखी कोणत्या खुणा असतात?

सगळ्यात ठळक खूण म्हणजे आदरार्थी रूप. घरात ज्याला सगळे "तू" म्हणतात, त्या मुलाला सकाळी दहाला आई म्हणते, "उठलात का महाराज? चहा आणू?" इथे आवाज अगदी गोड असला तरी चालतो, कारण "तू"वरून "तुम्ही"वर मारलेली उडीच सगळं सांगते. पण ही खूण फक्त तिथेच चालते, जिथे नेहमीचं संबोधन "तू" आहे. सासरे जावयाला किंवा ऑफिसात एकमेकांना लोक आधीच "तुम्ही" म्हणत असतील तर वर उडी मारायला जागाच नसते आणि टोमणा निसटून जातो. काही घरांत धाकट्यांनाही अहो-जाहो करतात. तिथून आलेल्या सुनेला "या, बसा" हे साधं स्वागत वाटतं.

दुसरी खूण म्हणजे "म्हणे". "त्याला वेळ नाही म्हणे" हे वाक्य नुसतं ऐकीव माहिती सांगणारंही असू शकतं आणि 'मला हे पटलेलं नाही' असं सांगणारंही. ठरतं ते "म्हणे" कसं उच्चारलं त्यावर. वाक्याच्या शेवटी घाईत आलं तर बातमी. आधी थांबून, वेगळं काढून म्हटलं तर अविश्वास.

एखादा खरा प्रसंग सांगाल का, जिथे टोमणा शब्दशः घेतला गेला?

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीतला सांगते, कोपरखैरणेतली. पाण्याच्या टाक्या साफ करायच्या होत्या, त्याची नोटीस लिहायचं काम एका तरुणाने आपणहून घेतलं. तो वाशिमहून नोकरीसाठी आलेला, इमारतीत नवा. त्याने मन लावून दोन पानं लिहिली: टाकी का साफ करावी, दूषित पाण्याने कोणते आजार होतात, क्लोरीन कसं वापरतात, कामगार किती येणार, सगळं. सेक्रेटरी काकूंकडे कागद नेला. काकू नौपाड्यात वाढलेल्या, बोलणं मुळातच संथ आणि कोरडं. त्यांनी पानं उलटली आणि मान वर न करता म्हणाल्या, "छाऽन आहे. अजून दोन पानं वाढव, म्हणजे पुरेल."

तो घरी गेला, रात्री जागला आणि दुसऱ्या दिवशी चार पानं घेऊन आला.

आता बघा, खुणा होत्या. "छान" ताणलेलं होतं. काकूंनी वर पाहिलं नव्हतं. आणि नोटीस लांब झाली असताना ती आणखी लांब करायला सांगणं हे वस्तुस्थितीच्या सरळ विरुद्ध होतं. तरी त्याला त्या का दिसल्या नाहीत?

पहिलं म्हणजे काकूंचं रोजचं बोलणं त्याला माहीत नव्हतं. त्या एरवीही हळूच बोलतात, त्यामुळे "छाऽन" त्याला त्यांचं नेहमीचंच वाटलं. दुसरं म्हणजे त्याला वस्तुस्थितीच माहीत नव्हती. या इमारतीत नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते, लोक लिफ्ट येईपर्यंत उभ्या उभ्या वाचतात आणि ती अर्ध्या पानाच्या वर कधी जात नाही. जुन्या सगळ्या सभासदांना हे ठाऊक आहे. त्याने त्या फळ्यावर तोवर एकही नोटीस पाहिली नव्हती. त्याच्या लेखी दोन पानं लांब नव्हतीच, मग "वाढव" हे उलटं बोलणं आहे हे कळणार कशावरून?

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वाक्य आज्ञार्थी होतं. "व्वा, काय छोटीशी नोटीस!" असं म्हटलं असतं तर ते निव्वळ मत झालं असतं आणि मतावर माणूस क्षणभर विचार करतो. "वाढव" ही सूचना आहे. वयाने मोठ्या, पदावरच्या बाईंनी सूचना दिली की धाकट्याने करायची, हीच रीत. अधिकाराच्या जागेवरून आज्ञार्थात केलेला उपरोध नेहमी या धोक्यात असतो.

त्याला मग कोणी आणि कसं समजावलं?

पहिला प्रयत्न फसला. चार पानं पाहून काकू म्हणाल्या, "अरे, टोमणा होता तो! कळत नाही का?" यातून त्याला दोनच गोष्टी कळल्या: आपण बावळट ठरलो आणि रात्रभराचं काम वाया गेलं. नोटीस कशी हवी हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. तो कागद ठेवून निघून गेला.

संध्याकाळी काकू स्वतः त्याच्याकडे गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं, म्हणून जवळजवळ तसंच देते:

"काल मी वाढव म्हणाले, पण मला म्हणायचं होतं की नोटीस लांबलीये. ते सरळ सांगायला हवं होतं, मी तिरकं बोलले. इथे लोक लिफ्टपाशी उभं राहून वाचतात, म्हणून अर्धं पानच लावतो आपण. तारीख, पाणी किती ते किती बंद, आणि आदल्या रात्री भरून ठेवा, एवढं ठेव. बाकीचं तू जे काढलंयस ना, ते फाईलला लावू. पुढच्या वर्षी कंत्राटदाराशी बोलताना लागेल."

यात क्रम बघण्यासारखा आहे. आधी शब्द आणि अर्थ शेजारी शेजारी ठेवले: म्हणाले हे, म्हणायचं होतं ते. त्याने ऐकण्यात काही चूक केली नव्हती, हे त्यातून आपोआप आलं. मग वाकडं बोलण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली, एका वाक्यात, लांबण न लावता. त्यानंतर त्याच्याकडे नसलेली माहिती दिली, लिफ्ट आणि फळ्याची. ही पायरी लोक हमखास गाळतात. ती गाळली तर ऐकणाऱ्याला हा एक टोमणा कळतो, पण पुढच्या वेळी तसाच प्रसंग आला की तो पुन्हा तिथेच अडकतो. शेवटी आता काय करायचं ते साध्या शब्दांत आलं आणि झालेल्या कामाला जागा मिळाली. नोटीस रात्रीच फळ्यावर लागली, सात ओळींची.

"अरे, गंमत केली" एवढं म्हटलं तर पुरत नाही का?

सहसा नाही. "गंमत" म्हटल्याने वाक्य रद्द होतं, पण त्याच्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही. नोटीस चांगली आहे का वाईट? वाढवायची का कमी करायची? शिवाय टोमण्यात बहुतेकदा खरी तक्रार असते. तिला गंमत म्हटलं की तक्रारही पुसली जाते आणि जे सुधारायला हवं होतं ते तसंच राहतं. तक्रार खरी असेल तर ती तक्रार म्हणूनच सांगा. नुसती थट्टा असेल आणि आत काही नसेल, तेव्हा "गंमत केली" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे.

समजावताना तोच टोमणा पुन्हा त्याच सुरात म्हणून दाखवावा का?

भाषा शिकणाऱ्याला हवं असेल तर जरूर, पण थोड्या वेळाने आणि त्याला विचारून. माझ्या वर्गात मी एकच वाक्य आधी सरळ आणि मग तिरकं म्हणते आणि फरक कुठे आला ते त्यांनाच शोधायला लावते. नेरूळच्या एका मल्याळीभाषक विद्यार्थिनीने सांगितलं की तिला स्वराची लांबी कधी जाणवलीच नव्हती, पण "छान"नंतरचा थांबा लगेच ऐकू आला. तेव्हापासून ती थांब्यावरच लक्ष ठेवते. प्रत्येकाच्या कानाला वेगळी खूण सापडते. ऐन प्रसंगात, दुखावलेल्या माणसापुढे मात्र सूर पुन्हा करून दाखवला की त्याला तो दुसरा टोमणाच वाटतो.

चार लोकांसमोर असं झालं तर?

तिथल्या तिथे फक्त दुरुस्ती करा: "नाही, खरंच वाढवू नकोस, कमी कर." बाकीचं बोलणं बाजूला घेऊन. कोणी हसलं असेल तर त्या हसण्यात सामील होऊ नका.

मला कोणीतरी तिरकस बोलतंय की सरळ, हेच कळत नाही. विचारायचं कसं?

"तुम्ही टोमणा मारताय का?" असं विचारू नका. सरळ बोललेल्या माणसाला तो आरोप वाटतो आणि तिरकस बोललेला "छे छे" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी पुढच्या कृतीबद्दल विचारा, आकडा किंवा वस्तू घालून: "म्हणजे दोनाची चार पानं करू ना?" टोमणा असेल तर बोलणाऱ्याला खरं सांगावंच लागतं, कारण चार पानं प्रत्यक्ष येतील हे त्याला दिसतं. सरळ असेल तर तो नुसता "हो" म्हणतो. दोन्ही वेळा तुमचा मान शाबूत राहतो. वाशिमच्या त्या मुलाला मी नंतर हेच सुचवलं. आता तो काकूंना प्रत्येक कामाआधी असा एक प्रश्न विचारतो आणि काकूंनाही त्यामुळे सरळ उत्तर द्यायची सवय लागली आहे.

व्हॉट्सअॅपवर सूर नसतोच. तिथे काय करायचं?

लिहिणाऱ्याला आपला सूर डोक्यात ऐकू येत असतो, म्हणून तो वाचणाऱ्यालाही ऐकू जाईल असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. २००५ साली क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही वाक्यं गंभीर, काही उपरोधाची. ती कोणी ईमेलने पाठवायची, कोणी बोलून. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की समोरचा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल, मग माध्यम कोणतंही असो. आवाज ऐकणाऱ्यांनी सुमारे ७३ टक्के वेळा ओळखलं. ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के वेळा. उत्तर दोनांपैकीच एक असल्याने डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं, म्हणजे ईमेल वाचणारे जवळजवळ अंदाजच करत होते.

हसरी चित्रं टाकल्याने थोडी मदत होते, पण तीही भरवशाची नाहीत. दोन हात जोडून केलेला नमस्कार, म्हणजे 🙏, कोणी खऱ्या आभारासाठी पाठवतं तर कोणी 'धन्य आहे तुमची' म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर "लिफ्ट आजही बंद. समितीचे मनापासून आभार 🙏" हा निरोप येतो, तेव्हा जुन्या रहिवाशांना तो बरोबर लागतो. आठवडाभर बाहेरगावी असलेला सभासद खाली "काय झालं, दुरुस्त झाली का?" असं विचारतो, कारण त्याच्याकडे ना आवाज आहे ना मागची हकीकत. जिथे वाचणारे शंभर आहेत आणि सगळ्यांना सगळं माहीत नाही, तिथे माझं मत स्पष्ट आहे: तक्रार सरळ लिहावी. "लिफ्ट सोमवारपासून बंद आहे, दुरुस्ती कधी होणार?" याला समितीला उत्तर द्यावं लागतं.

आणि लिहिलेला टोमणा कोणी शब्दशः घेतलाच, तर खुलासा पुन्हा लिहीत बसू नका. फोन करा. जी गोष्ट आवाज नसल्यामुळे बिघडली, ती आवाजानेच लवकर निस्तरते.

मुलांना उपरोध कधी कळू लागतो?

साधारण पाच-सहा वर्षांपासून थोडा थोडा. सुरुवातीला 'हे म्हणतायत तसं नाहीये' एवढंच कळतं. म्हणणाऱ्याने तसं का म्हटलं, थट्टा म्हणून की रागाने, हे समजायला आणखी काही वर्षं जातात. चार वर्षांच्या मुलाने दूध सांडल्यावर "शाब्बास!" म्हटलं तर त्याला शाबासकीच ऐकू येते आणि तुमचा चेहरा मात्र रागीट दिसतो. तो गोंधळतो. या वयात सरळ "दूध सांडलं, फडकं आण" हेच बरं.

वय, आजार किंवा स्वभावामुळे कोणाला सूर कळायला अवघड जातं का?

हो. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेल्या काही माणसांना शब्द नीट कळतात, पण आवाजातला भाव पकडता येत नाही. घरच्यांना वाटतं, बाबा आता मुद्दाम शब्दाला शब्द धरतात. तसं नसतं. ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्यांना पट्टीचे बारीक चढउतार नीट पोचत नाहीत; त्यांना शब्दाची लांबी आणि समोरच्याचा चेहरा यांवर जास्त अवलंबून राहावं लागतं, म्हणून तोंड दुसरीकडे करून बोललेला टोमणा त्यांना पोचतच नाही. ऑटिझम असलेल्या अनेकांना उपरोध जड जातो, पण सगळ्यांना नाही. काही जण तो शिकून उत्तम वापरतात. या सगळ्यांशी बोलताना समजावण्याची पद्धत वरचीच. फक्त "कसं कळलं नाही?" हा प्रश्न त्यातून पूर्ण वगळायचा.

उलटं झालं तर? मी मनापासून कौतुक केलं आणि समोरच्याला टोमणा वाटला.

हेही पुष्कळ होतं, विशेषतः ज्यांचं बोलणं मुळात सपाट आहे किंवा ज्यांची तिरकस म्हणून ख्याती झाली आहे त्यांच्या बाबतीत. चांगल्या शब्दांतून वाईट सांगणं ही उपरोधाची नेहमीची वाट असल्यामुळे कौतुकाचे शब्द जास्त संशयास्पद ठरतात.

"अगं, खरंच म्हणतेय" असं पुन्हा पुन्हा म्हणून उपयोग होत नाही. टोमणा मारणारेही तेच म्हणतात. तपशील घाला. तिरकस कौतुक बहुधा मोघम असतं: छान, उत्तम, वा. खरं कौतुक करणाऱ्याने ती गोष्ट नीट पाहिलेली असते, म्हणून त्याला नेमकं काय आवडलं ते सांगता येतं. कोपरखैरणेच्या त्या काकूंनाच याची गरज पडली. पुढच्या नोटिशीच्या वेळी त्या "छान आहे" म्हणाल्या आणि मुलगा पुन्हा कागद उचलून निघाला. तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं, बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाल्या, "ही पाणी बंदची वेळ तू सगळ्यात वर, ठळक अक्षरात घेतलीस ना, ते आवडलं मला. लोकांना तेवढंच हवं असतं. लाव आता फळ्यावर." त्याने कागद घेतला आणि टाचण्या कुठे आहेत ते विचारलं.